पुट्टस्वामी निकालाचा परिच्छेद 180 की 310? निबंधातल्या तळटिपांबद्दल मदत हवी

जाईजुई23

नमस्कार मंडळी. मी विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. अंतर्गत गुणांसाठी साडेतीन हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे, मराठीत लिहायची परवानगी आहे. विषय मी घेतलाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा. त्यातल्या कलम 17(2) नुसार केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला अख्ख्या कायद्यातून सूट देऊ शकतं. ही सूट सर्वोच्च न्यायालयाच्या खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालातल्या त्रिसूत्री कसोटीला उतरते का, एवढाच माझा प्रश्न.

पहिला मसुदा सरांनी परत दिला. मजकुरावर फारशी खूण नाही, पण तळटिपा लालच लाल. पुट्टस्वामी जिथे जिथे आला तिथे मी नुसतं "(2017) 10 एससीसी 1" लिहिलं होतं. शेजारी सरांचा शेरा: "547 पानं मी वाचू का?"

म्हणून परिच्छेद शोधायला बसले. न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या पीडीएफमध्ये कसोटीचा परिच्छेद 180 आहे. मैत्रीण म्हणते 310. तिने एका लेखातून घेतलाय. दुसऱ्या एका लेखात 638 आहे. तिघंही त्याच निकालाबद्दल बोलतायत. मग खरा कुठला? अहवालांचे दाखले कसे द्यायचे हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. सोमवारी जमा करायचाय.

---

मिरची

सरांचा शेरा आवडला. फ्रेम करून लाव.

---

सांगलीकर

आमच्याही जमिनीच्या केसमध्ये हाच घोळ झाला होता. सातबाऱ्यावर चुलत्यांचं नाव आहे, फेरफार 1987 चा, वकिलांनी तीन निकाल जोडले पण समोरच्याने पाच जोडले. तर निकाल जास्त जोडले की केस मजबूत होते का? कुणी जाणकार सांगेल का?

---

मिरची

सांगलीकर, हा निबंधाचा धागा आहे हो. तुमच्या सातबाऱ्यात पुट्टस्वामींचं नाव नाही ना?

---

बिनधास्त बंड्या

अगं सोपं आहे. 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाने तटस्थ सायटेशन सुरू केलंय आणि जुन्या निकालांनाही तसे क्रमांक दिलेत. पुट्टस्वामीचा आहे `2017 INSC 801`. तो टाकला की एससीसी, एआयआर, एससीआर या निकाल छापणाऱ्या सगळ्या मालिकांची कटकट संपली. क्रमांक एकच, निकाल एकच. त्यापुढे परिच्छेद 180 लिही आणि झोप.

---

पुस्तकघर

बंड्या अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावरच जाईजुईचे गुण जातील.

मी एका विधी ग्रंथालयात बावीस वर्षं काम केलंय, त्यामुळे या निकालाचे चारही अवतार हाताळलेत. जाईजुई, तुझे तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते एकाच वस्तूचे नाहीत.

24 ऑगस्ट 2017 चा हा निकाल नऊ न्यायमूर्तींचा आहे, पण त्यात सहा स्वतंत्र निकालपत्रं आहेत. न्या. चंद्रचूड यांनी स्वतःसाठी आणि सरन्यायाधीश खेहर, न्या. अग्रवाल, न्या. नझीर यांच्यासाठी मिळून एक लिहिलं. मग चेलमेश्वर, बोबडे, नरिमन, सप्रे आणि कौल यांची एकेक. न्यायालयाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक निकालपत्राचे परिच्छेद पुन्हा 1 पासून सुरू होतात. म्हणजे त्या पीडीएफमध्ये "परिच्छेद 12" एक नाही, अनेक आहेत. एससीसीने छापताना पहिल्या निकालपत्रापासून शेवटच्यापर्यंत सलग क्रमांक घातले, आणि परिच्छेद त्यांच्या पद्धतीने मोजले.

त्यामुळे न्या. चंद्रचूड यांची त्रिसूत्री पीडीएफमध्ये 180 ला आहे आणि एससीसीत 310 ला. मजकूर तोच. 638 हा मात्र वेगळाच परिच्छेद आहे. ती न्या. कौल यांची कसोटी, पीडीएफमध्ये त्यांच्या निकालपत्राचा परिच्छेद 71.

आता बंड्याच्या सल्ल्यातली मेख. तटस्थ सायटेशन निकालाला क्रमांक देतं, आतल्या परिच्छेदांना नाही. `2017 INSC 801` पुढे नुसतं 71 लिहिलंस तर वाचणारा म्हणणार, कुणाचं 71? तिथे न्यायमूर्तींचं नाव लिहावंच लागतं.

आणि तुझ्या पुढच्या मसुद्यातली मोठी चूक दाखल्याचं पुस्तक एक आणि परिच्छेद दुसऱ्याचा, ही झाली असती. "(2017) 10 एससीसी 1, परिच्छेद 180" असं लिहिलं असतंस, तर सर एससीसीचा 180 उघडणार आणि तिथे त्रिसूत्री नाहीच. ही चूक मी छापील पुस्तकांतही पाहिली आहे.

---

जाईजुई23

अरे देवा. मी नेमकं तेच लिहिणार होते. 180 एससीसीच्या पुढे. पीडीएफ उघडी होती आणि वरचं सायटेशन मैत्रिणीच्या वहीतून.

मग कळायचं कसं की आपल्याकडचा आकडा कुठल्या पुस्तकाचा आहे?

---

पुस्तकघर

आकड्यावरून कळत नाही. मजकुरावरून शोधायचं. पीडीएफमध्ये `three-fold requirement` हा शब्दप्रयोग शोध. तो परिच्छेद वाच, वर-खाली एकेक परिच्छेद वाच, आणि कुठल्या न्यायमूर्तींचं निकालपत्र चालू आहे ते बघ. मग तुमच्या ग्रंथालयातला एससीसीचा 2017 चा दहावा खंड काढ, तेच शब्द तिथे शोध आणि परिच्छेदाच्या सुरुवातीचा क्रमांक लिहून घे. दोन्ही क्रमांक एका कागदावर मांड. साधारण वीस मिनिटांचं काम आहे. लेखातून उचललेला क्रमांक तपासल्याशिवाय वापरू नकोस, कारण त्या लेखकानेही तो दुसऱ्या लेखातून उचललेला असू शकतो.

---

हिरवा चहा

मी सध्या इंग्लंडात एलएलएम करतेय. इकडे ऑस्कोला पद्धत चालते, तिच्यात परिच्छेदाचा क्रमांक चौकोनी कंसात येतो आणि न्यायमूर्तींचं नाव त्याच्यापुढे गोल कंसात. "परिच्छेद" वगैरे शब्द लिहायचाच नाही. भारतीय निकाल मी असे देते:

```
Puttaswamy v Union of India (2017) 10 SCC 1 [310] (Chandrachud J)
```

पहिल्या निबंधात मी भारतातल्या सवयीने "para 310" लिहिलं होतं. तेव्हा मार्गदर्शक बाई म्हणाल्या, चूक नाही, पण पद्धत एकच ठेव. तुमच्या कॉलेजात कुठली पद्धत सांगितली आहे ते आधी विचार. बाकी सगळं नंतर.

---

जाईजुई23

विचारलं. "कुठलीही, पण एकच" असं उत्तर आलं. म्हणजे सर पण तुमच्या बाईंच्याच शाळेतले.

---

जुना झब्बू

पोरांनो, तुम्हाला परिच्छेद तरी मिळतात. मी 1991 ला सनद घेतली. तेव्हा आमच्या सीनियरांच्या चेंबरमध्ये एससीआरचे खंड होते आणि त्यांच्या समासात ए ते एच अशी अक्षरं छापलेली असत. दाखला द्यायचा तो पान आणि अक्षरावर. कोर्टात उभं राहून "पान 648, मार्जिन ई" असं म्हटलं की न्यायाधीश थेट त्या ओळींवर. परिच्छेद असला काय नसला काय, बोट बरोबर जागी पडायचं. आजही जुना निकाल असेल तर मी तसंच देतो.

आणि एक सांगतो, ताई. खटल्याचं साल म्हणजे कंसातलं साल नव्हे. खरकसिंगचा निकाल 18 डिसेंबर 1962 चा. एआयआरमध्ये तो 1963 चा आहे, पान 1295. एससीआरमध्ये 1964 चा पहिला खंड, पान 332. तिन्ही सालं बरोबर. तुझ्या निबंधात खरकसिंग येणारच, कारण पुट्टस्वामीने तो अंशतः रद्दबातल ठरवला. "1964 साली न्यायालयाने म्हटले" असं लिहिलंस तर आमच्यासारखा म्हातारा हसेल.

---

मिरची

झब्बूकाका, तुमच्या मार्जिनवर एकदा सातबाराही लावा. सांगलीकर वाट बघतायत.

---

सांगलीकर

हो खरंच वाट बघतोय. वकीलसाहेब, सांगा ना. पाच निकाल विरुद्ध तीन.

---

जुना झब्बू

सांगलीकर, संख्येने काही होत नाही. तुमच्या तिनांपैकी एकाची घटना तुमच्यासारखी आहे का आणि तो निकाल नेमक्या कुठल्या मुद्द्यावर दिलाय, ते वकिलांना विचारा. निकालाचं शीर्षटिपण वाचून फोटोकॉपी जोडणारे खूप आहेत. पुढच्या तारखेला तीनही निकाल मुळातून वाचलेत का, एवढंच विचारा. चेहऱ्यावर उत्तर दिसेल.

---

पुस्तकघर

झब्बूंनी शीर्षटिपणाचा विषय काढला म्हणून सांगते. एससीसी किंवा एआयआरमध्ये निकालाच्या आधी बारीक अक्षरात सारांश असतो. तो प्रकाशकाच्या संपादकाने लिहिलेला असतो, न्यायमूर्तींनी नाही. त्यातलं वाक्य अवतरणचिन्हात घालून "न्यायालयाने म्हटले" असं लिहायचं नाही. त्या सारांशात प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी परिच्छेद क्रमांक असतात, त्यांचा उपयोग वाट शोधायला करायचा. तिथून आत जा, आणि अवतरण आतलं दे.

---

बिनधास्त बंड्या

ठीक आहे, परिच्छेदाचं मान्य. पण पुट्टस्वामी एकमताचा निकाल आहे ना? नऊच्या नऊ. मग चंद्रचूड की कौल, काय फरक पडतो? "नऊ न्यायमूर्तींनी त्रिसूत्री कसोटी घालून दिली" असं लिहिलं तर चुकलं कुठे?

---

जाईजुई23

मी अगदी हेच वाक्य लिहिलंय 🙈 चौथ्या पानावर.

---

पुस्तकघर

ते वाक्य काढ.

नऊ जणांचं एकमत आहे ते शेवटच्या संयुक्त आदेशावर. खासगीपणाचा हक्क अनुच्छेद 21 मधल्या जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि एम. पी. शर्मा व खरकसिंग या जुन्या निकालांत त्याविरुद्ध जे म्हटलं होतं ते रद्द. त्या आदेशावर नऊ सह्या आहेत. त्रिसूत्री त्या आदेशात नाही. ती न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आहे, आणि त्यावर चौघं आहेत. कायदा असला पाहिजे, राज्याचा हेतू वैध असला पाहिजे, आणि साधन त्या हेतूच्या प्रमाणात असलं पाहिजे.

न्या. कौल यांनी ही तीन अंगं त्यांच्या शब्दांत घेतली आणि चौथं जोडलं: गैरवापर होऊ नये म्हणून कार्यपद्धतीची हमी.

हा फरक तुझ्या निबंधासाठी नुसत्या तळटिपेचा नाही. कलम 17(2) मध्ये सूट द्यायला सरकारने अधिसूचना काढायची आहे. पण त्या सुटीवर कोण देखरेख ठेवणार, याबद्दल त्या तरतुदीत शब्द नाही. म्हणजे तुझा सगळ्यात धारदार मुद्दा कौल यांच्या चौथ्या अंगावर उभा राहतो. आणि तू दाखला देतेयस 310 चा, जिथे ते चौथं अंग नाहीच. सर तिथेच धरतील.

---

हिरवा चहा

इथे मी थोडी असहमत आहे. चार अधिक कौल म्हणजे पाच. पहिली तीन अंगं दोन्हीकडे आहेत. नवापैकी पाच म्हणजे बहुमत झालं की. माझ्या निबंधात मी "बहुमताने" लिहिलं आणि दोन्ही परिच्छेद दिले, 310 आणि 638. कुणी आक्षेप घेतला नाही.

---

पुस्तकघर

आक्षेप घेतला नाही म्हणजे मान्य, असं नाही. कौल यांचे शब्द वेगळे आहेत. "लोकशाही समाजात आवश्यक" ही त्यांची भाषा चंद्रचूड यांच्या "वैध हेतू" पेक्षा कडक आहे, असं म्हणता येतं. बेरीज करायची तर ती वाचकाला दाखवून करावी. चौघांचं 310, शिवाय कौल 638, असं लिहिलं की बेरीज वाचक करतो.

---

हिरवा चहा

मला ती भाषा तेवढी वेगळी वाटत नाही. नंतरच्या आधार निकालातही ही कसोटी पक्की धरूनच पुढे गेलेत. पण दोन्ही परिच्छेद देण्याबद्दल वाद नाही.

---

जुना झब्बू

आधारचं नाव निघालं म्हणून. तोही पुट्टस्वामीच! तेच याचिकाकर्ते, तेच नाव. 26 सप्टेंबर 2018 चा, (2019) 1 एससीसी 1. आमच्याकडे एका ज्युनियरने लेखी युक्तिवादात दोन्ही "पुट्टस्वामी, पूर्वोक्त" असे लिहिले. न्यायाधीशांनी विचारलं, कुठला? तो म्हणाला, साहेब, दोन्ही. कोर्टात हशा.

आणि 2017 ला चंद्रचूडांचं निकालपत्र प्रमुख, पण 2018 ला तेच न्यायमूर्ती एकटे विरोधात. चार विरुद्ध एक. तिथला त्यांचा परिच्छेद द्यायचा तर "विरोधी मत" असं लिहायलाच हवं. नाहीतर हरलेल्या बाजूचं वाक्य निकाल म्हणून खपवल्यासारखं होतं. जाणूनबुजून कुणी करत नाही, नाव ओळखीचं दिसतं आणि माणूस गाफील राहतो.

---

मिरची

"पूर्वोक्त" वरून आठवलं. माझ्या बहिणीच्या प्रबंधात सत्तर वेळा "तत्रैव" होतं. मग गाइडने मध्ये एक तळटीप घालायला लावली आणि पुढचे सगळे तत्रैव भलत्याच निकालाकडे बोट दाखवायला लागले. रात्री दोनला फोन करून रडत होती.

---

हिरवा चहा

हे सगळ्यांचं होतं. मसुदा पक्का होईपर्यंत तत्रैव वापरूच नये. प्रत्येक तळटिपेत खटल्याचं छोटं नाव आणि परिच्छेद लिहीत जा. "पुट्टस्वामी 2017, 310" आणि "आधार 2018" एवढं पुरे. शेवटच्या दिवशी पहिल्या उल्लेखाला पूर्ण सायटेशन दे आणि बाकीचे तसेच ठेव.

---

जाईजुई23

हे करतेय. आता कायद्याकडे येते. मराठीत लिहितेय म्हणून मी "कलम 17(2)(अ)" लिहिलं. सरांनी त्यावरही प्रश्नचिन्ह काढलंय. इंग्रजीतला ए म्हणजे आपला अ, नाही का?

---

पुस्तकघर

हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि दर वर्षी कुणी तरी त्यात पडतं.

आपण शाळेत अ, ब, क, ड शिकलो. त्या हिशोबाने इंग्रजीतला सी म्हणजे क. पण मराठी कायद्यांच्या अधिकृत पाठांत खंड बहुतेक वेळा क, ख, ग असे लावलेले असतात. तिथे पहिलाच खंड क. म्हणजे एकच "(क)" एका वाचकाला पहिला वाटतो, दुसऱ्याला तिसरा.

तुझ्याच कायद्यात बघ. कलम 17(1) मध्ये पहिला खंड आहे कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्याचा, आणि तिसरा आहे गुन्ह्याचा तपास, शोध आणि खटला यांचा. "17(1)(क)" लिहिलंस तर कुठला? दोन अगदी वेगळ्या गोष्टी. आणि कलम 17(2) मध्ये तर दोनच खंड आहेत. पहिला यंत्रणांच्या सुटीचा, दुसरा संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकीचा. तिथे तिसरा खंडच नाही, त्यामुळे कुणी (क) हा सी समजून शोधायला गेला तर रिकाम्या हाताने परत येणार.

माझा सल्ला: निबंध मराठीत असला तरी तळटिपेत कायद्याचा दाखला अधिकृत इंग्रजी पाठातल्या अक्षरानेच द्यावा.

```
Digital Personal Data Protection Act, 2023 (22 of 2023), s. 17(2)(a)
```

मजकुरात "कलम 17, पोटकलम 2, पहिला खंड" असं लिहिलं की कुणाचाही गैरसमज होत नाही. आणि कलमाखाली परंतुक किंवा स्पष्टीकरण असेल आणि तुझा मुद्दा त्याच्यावर असेल, तर "परंतुक" हा शब्द लिहायलाच हवा. नुसतं कलम दिलं तर मुख्य नियमाचा दाखला होतो, आणि परंतुक तर बहुतेक वेळा त्याला अपवाद असतं.

---

बिनधास्त बंड्या

मी कॉलेजात अख्खं वर्ष अ, ब, क लिहिलं. पास झालो. म्हणजे तपासणारेही अ, ब, क वालेच असणार.

---

मिरची

बंड्या, तू पास झालास यावर एक वेगळा धागा काढू.

---

जाईजुई23

😂 आता शेवटचा प्रश्न, अहवाल. मी डेटा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीच्या अहवालाबद्दल लिहिलंय की "समितीने कलम 35 मध्ये सरकारला सरसकट सूट द्यायला विरोध केला होता." स्रोत एक वर्तमानपत्री लेख. त्यावर सरांनी दोन रेघा मारल्यात.

---

हिरवा चहा

अय्यो, हे तर साल बघितलं तरी कळतं. श्रीकृष्ण समितीचा अहवाल 27 जुलै 2018 चा. कलम 35 हे 2019 च्या विधेयकातलं. जे विधेयक अजून आलंच नव्हतं त्याच्या कलमाला समिती विरोध कशी करेल?

---

पुस्तकघर

बरोबर. आणि यात अनेक कागदपत्रं एकमेकांत मिसळली गेली आहेत, म्हणून सावकाश सांगते.

2018 ला समितीने दोन गोष्टी दिल्या, एक अहवाल आणि एक विधेयकाचा मसुदा. दोन्ही वेगळे दस्तऐवज आहेत. राज्याच्या सुरक्षेसाठीची सूट मसुद्याच्या कलम 42 मध्ये होती, आणि तिला कायद्याचा आधार असावा, ती आवश्यक आणि प्रमाणात असावी, अशा अटी होत्या. त्यामागची चर्चा अहवालात, संमतीशिवायच्या प्रक्रियेच्या प्रकरणात आहे. गुप्तवार्ता यंत्रणांवर देखरेख ठेवणारा कायदा करावा, असंही समितीने तिथे सुचवलं. हे तुझ्या मुद्द्याला थेट लागू आहे.

मग 2019 चं विधेयक आलं. त्याच्या कलम 35 ने केंद्र सरकारला कुठल्याही सरकारी यंत्रणेला सूट द्यायचा अधिकार दिला. त्यावर संयुक्त संसदीय समिती बसली, तिचा अहवाल डिसेंबर 2021 चा. ते विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतलं. आणि 2023 चा अधिनियम हा त्यानंतरचा, नवाच. त्यातलं कलम 17.

तर तुझं वाक्य असं व्हायला हवं: समितीने 2018 च्या मसुद्यात सुटीला अटी घातल्या होत्या, 2019 च्या विधेयकाच्या कलम 35 मध्ये त्या सैल झाल्या. एका वाक्याला दोन तळटिपा, एक मसुद्याच्या कलम 42 ची आणि एक विधेयकाच्या कलम 35 ची. तिसरी अहवालातल्या चर्चेची.

---

जाईजुई23

पण अहवालात परिच्छेद क्रमांकच नाहीत. मी शोधले.

---

पुस्तकघर

मग पान द्यायचं. पण छापील पान. पीडीएफ वाचताना वरच्या कोपऱ्यात दिसतो तो आकडा संगणकाचा असतो, त्यात मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाही मोजलेली असते. पानाच्या तळाशी छापलेला क्रमांक वेगळा असतो. तळटिपेत तळाशी छापलेला घ्यायचा, आणि सोबत प्रकरणाचं नाव लिहायचं. म्हणजे दुसऱ्या प्रतीत पान हललं तरी वाचक पोहोचतो. विधी आयोगाच्या अहवालांत परिच्छेदांना क्रमांक असतात, तिथे परिच्छेद द्यावा, पान लागत नाही.

संसदीय समितीच्या अहवालात एक आणखी सापळा आहे. शेवटी काही सदस्यांची भिन्नमत टिपणं जोडलेली आहेत, आणि सुटीच्या कलमावर सगळ्यात कडक भाषा तिथेच आहे. ती वाक्यं वाचायला छान वाटतात. पण ती समितीची नाहीत, त्या सदस्यांची आहेत. "समितीने म्हटले" असं लिहून ती वापरू नकोस. आधारच्या विरोधी मतासारखंच.

---

जुना झब्बू

पुस्तकघरताई, एक राहिलं. तो कायदा अंमलात कधी आला हे पण तपासायला सांगा पोरीला. कलम 1(2) मध्येच लिहिलंय की वेगवेगळ्या तरतुदी वेगवेगळ्या तारखांना लागू करता येतील. राष्ट्रपतींची मंजुरी 11 ऑगस्ट 2023 ची, म्हणून "ऑगस्ट 2023 पासून यंत्रणांना सूट आहे" असं वाक्य बनत नाही. मी भल्याभल्यांना ते लिहिताना पाहिलंय.

---

पुस्तकघर

हो, हे महत्त्वाचं. राजपत्रातली अधिसूचना बघून तारीख लिही. आणि "सूट आहे" आणि "सूट देण्याचा अधिकार आहे" यातही फरक ठेव.

---

सांगलीकर

वकीलसाहेब, आमच्या वकिलांना विचारलं. निकाल मुळातून वाचलेत का, तर म्हणाले बघू. मग मीच एक काढला, मुंबई उच्च न्यायालयाचा. त्यावर `BHC-AS` असं काहीतरी लिहिलंय. हे बनावट तर नाही ना?

---

जुना झब्बू

नाही हो. ते उच्च न्यायालयाचं तटस्थ सायटेशन. एएस म्हणजे मुंबईची अपिलीय बाजू. औरंगाबादला एयूजी, नागपूरला एनएजी, गोव्याच्या खंडपीठाला गोवा असं येतं. तुम्ही वाचलात हेच खूप. आता त्यातला तुमच्या मुद्द्याचा परिच्छेद शोधा आणि वकिलांना चिठ्ठीवर लिहून द्या.

---

बिनधास्त बंड्या

म्हणजे सांगलीकर काकांनी धागा हायजॅक केला नाही, त्यांचाही पिनपॉइंटचाच प्रश्न होता 😄

---

जाईजुई23

शनिवार रात्र, अपडेट. ग्रंथालयात जाऊन दहावा खंड काढला. 310 आणि 638 दोन्ही मुळातून वाचले, पीडीएफच्या 180 आणि 71 शी ताडून पाहिले. चौथ्या पानावरचं "नऊ न्यायमूर्तींनी" काढलं. आता तिथे असं आहे: "न्या. चंद्रचूड यांनी, चार न्यायमूर्तींच्या वतीने, तीन अटी सांगितल्या, न्या. कौल यांनी त्यात कार्यपद्धतीच्या हमीची भर घातली." दोन तळटिपा. हिरवा चहा, "बहुमत" लिहिलं नाही, भीती वाटली.

गंमत म्हणजे 638 वाचल्यावर अख्खा तिसरा भाग बदलावा लागला. आधी मी प्रमाणबद्धतेवरच भांडत होते. आता हमीच नाही यावर भांडतेय, आणि ते जास्त पटतंय.

कलम 35 चं वाक्य मात्र अजून अडलंय. समितीच्या अहवालातलं पान मिळालं, पण माझ्याकडे दोन पीडीएफ आहेत आणि दोन्हींत छापील पान एक नाहीये. कुणाकडे मूळ प्रत आहे का?

---

पुस्तकघर

दोन्हींची पहिली पानं इथे टाक. एक बहुधा कुणीतरी पुन्हा मांडून चढवलेली असेल. मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची घे, आणि तळटिपेत प्रकरणाचं नाव लिहायला विसरू नकोस.

---

मिरची

आणि सरांना सांग, 547 पैकी दोनच परिच्छेद वाचायचेत. खूश होतील.